बैठी उंची टेबल-खुर्चीतलं अंतर सांगते, खुर्चीची उंची नाही

फिरत असलेला मेसेज असा:

"पालकांनो, सुताराला बोलावण्याआधी ही जपानी पद्धत वाचा. (१) मुलाला जमिनीवर मांडी घालून भिंतीला टेकवून बसवा आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजा. ही झाली बैठी उंची. (२) बैठ्या उंचीच्या निम्मी उंची खुर्चीची ठेवा. (३) त्यात बैठ्या उंचीचा तिसरा हिस्सा मिळवा, झालं टेबल. (४) मूल वाढणारच, म्हणून दोन्ही दोन-तीन इंच जास्तच घ्या. पाय लोंबले तर खाली पाट द्या, दहावीपर्यंत बघायला नको. (५) जपानमध्ये आजही प्रत्येक शाळेत बैठी उंची मोजूनच बाकं देतात, म्हणून तिथल्या मुलांची पाठ दुखत नाही. सुताराला हाच मेसेज दाखवा."

सुताराने, म्हणजे मी, तो पाहिला. मुलांची टेबलं-खुर्च्या करून देणं हा माझा धंदा आहे आणि हा मेसेज मोबाइल पुढे करून दाखवणारी गिऱ्हाइकं आता नेहमीची झाली आहेत. उत्तर तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो. पाचांत तेवढा एकच धड आहे, आणि तो का धड आहे हे समजलं की बाकीचे कुठे घसरतात ते लगेच दिसतं.

मुद्दा ३

लिहिताना टेबलाचं काम एकच असतं, हाताचा भार पेलणं. मूल ताठ बसलंय, खांदे सैल आहेत आणि कोपर काटकोनात वाकवलंय, असं धरा. बसायच्या जागेपासून कोपराच्या टोकापर्यंत जे अंतर भरेल, त्याच्याच आसपास टेबलाचा पृष्ठभाग यायला हवा. अगदी बरोबरीने मात्र नाही. वहीवर हात ठेवला की कोपर अंगाला चिकटून राहत नाही, पुढे आणि जरा बाहेर जातं, आणि जाताना वरही उचललं जातं. हे उचलणं चार-पाच सेंटिमीटरचं असतं. बैठी उंची ७४ सेंटिमीटर असलेल्या मुलाचं कोपर बैठकीपासून साधारण १९-२० सेंटिमीटरवर येतं. त्यात पाच मिळवा, २४-२५ झाले. आता ७४ ला तीनने भागा, २४.७ येतात. तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब जुळतो तो असा. तो कोपराचंच माप वेगळ्या वाटेने काढतो.

जपानी फर्निचरवाले खुर्ची आणि टेबल यांच्यातल्या या अंतराला 'साशाकु' म्हणतात. मुलाची नुसती उभी उंची माहीत असेल तर तिला ०.१८३ ने गुणून एक सेंटिमीटर वजा करायचा, असा त्यांचा दुसरा आडाखा आहे. बैठी उंची उभ्या उंचीच्या साधारण ५५ टक्के धरली की तिचा तिसरा हिस्सा ०.१८३ येतो, म्हणजे मुळात गोष्ट एकच. युरोपात शाळेच्या फर्निचरचं ईएन १७२९ नावाचं मानक आहे. त्यातली ११९ ते १४२ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठीची जोडी पाहा: खुर्ची ३५, टेबल ५९, मधलं अंतर २४. पुढच्या क्रमांकांत हेच अंतर २६, २८, ३० असं वाढत जातं. दोन्हीकडची वाट निराळी असली तरी मुक्काम जवळपास एकच आहे.

फक्त हे अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं ते नीट ठरवलं पाहिजे. खाली ते मूल बसल्यावर दबलेल्या बैठकीपासून सुरू होतं. तीन इंची मऊ फोमची गादी मूल बसलं की दीड इंचावर येते, आणि टेबल ठरवलेलं असतं न दबलेल्या गादीवरून. मग टेबल आपोआप दीड इंच उंच पडतं आणि आई म्हणते, माप तर बरोबर घेतलं होतं. वर ते टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत जातं, म्हणजे पाटीची जाडी त्या २४ सेंटिमीटरमध्येच धरलेली असते. पाटी अडीच सेंटिमीटरची, दहा-अकरा वर्षांच्या मुलाची मांडी जाडीला दहा-बारा. उरतात जेमतेम दहा. त्यात कुणी मांडीवर दहा सेंटिमीटरचा ड्रॉवर काढून मागितला तर पाय आत जाणारच नाहीत. मग मूल खुर्ची मागे ओढतं, टेबलाच्या कडेपासून लांब बसतं आणि वहीवर ओणवं होतं. ड्रॉवर हवाच असेल तर बाजूच्या खणात घ्या. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांना तो समोर, मधोमध हवा असतो, आणि 'मोठ्यांच्या ऑफिस टेबलाला असतो की' हे कारण असतं. मोठ्या माणसाचं अंतर तीस सेंटिमीटर असतं, म्हणून तिथे तो मावतो.

मुद्दा २

इथे मात्र मेसेज साफ आडवा जातो, आणि तेही दिसायला अगदी बरोबर उत्तर देत देत.

खुर्चीची उंची ठरवतो तो पायाचा खालचा भाग. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचं माप. बैठ्या उंचीत हा भाग कुठेच येत नाही. ती बुडापासून वर डोक्यापर्यंत जाते, आणि खुर्ची बुडापासून खाली जमिनीपर्यंत असते. धड मोजून पायाचं माप काढायचं, हा मेसेजमधला उद्योग. सरासरी मुलात ते जमून जातं, कारण सरासरी मुलाचं धड आणि पाय ठरावीक प्रमाणात असतात. बैठी उंची उभ्या उंचीच्या ५२-५३ टक्के, तिचा निम्मा म्हणजे उभ्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा, आणि खुर्ची उभ्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकी असा आडाखा खरोखरच आहे. म्हणूनच हा मेसेज टिकलाय. पाच घरांत करून पाहिलं तर तीन घरांत उत्तर बरं येतं.

उरलेल्या दोन घरांत काय होतं ते बघू. दोन मुलं घ्या, दोघांची उभी उंची १३८ सेंटिमीटर. पहिलं लांब धडाचं आणि आखूड पायांचं: बैठी उंची ७४, लवणीचं माप साडेतेहेतीस. दुसरं टांगारू: बैठी उंची ७०, लवणीचं माप ३६. असा फरक असलेली मुलं एकाच वर्गात शेजारीशेजारी बसलेली सापडतात, यात नवलाचं काही नाही.

मेसेजप्रमाणे पहिल्याची खुर्ची ३७ आणि दुसऱ्याची ३५. ज्याचे पाय आखूड आहेत त्याला उंच खुर्ची मिळाली, ज्याचे लांब आहेत त्याला बुटकी. उंची सारखी असताना धड जितकं लांब तितके पाय आखूड असणार, हे उघड आहे. त्यामुळे धडावरून खुर्ची काढली की चूक नेहमी उलट्याच दिशेला पडते. ज्या मुलांसाठी मोजमापाची खरी गरज आहे, म्हणजे जी सरासरीपासून दूर आहेत, त्यांनाच हे सूत्र जास्त नडतं.

पहिल्या मुलाचे पाय साडेतीन सेंटिमीटर अधांतरी राहतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अशा खुर्चीवर मूल कसं बसतं ते बघा. आधी पुढे सरकून टाचा टेकवायला बघतं, मग पाठ मागच्या टेक्यापासून सुटते. ते जमलं नाही की एक पाय दुमडून बुडाखाली घेतं आणि त्या बाजूला कलून लिहितं. 'हिला सरळ बसताच येत नाही' अशी तक्रार ज्या मुलांबद्दल येते, त्यांच्या खुर्चीपाशी मी आधी पाय बघतो. दुसऱ्या मुलाचं एक सेंटिमीटर कमी भरलं, तेवढं चालून जातं. तीन-चार कमी झालं तर मात्र गुडघे कमरेच्या वर येतात आणि कंबर मागे गोल होते.

योग्य हिशेब असा. खुर्ची लवणीच्या मापाइतकी, किंवा अर्धा-एक सेंटिमीटर कमी. पहिल्या मुलाला ३३.५, दुसऱ्याला ३६. अंतर बैठ्या उंचीवरून: पहिल्याला २४.७, दुसऱ्याला २३.३. टेबल पहिल्याला ५८.२ आणि दुसऱ्याला ५९.३. गंमत बघा, टेबलात सेंटिमीटरभराचाच फरक राहिला. एकाचं धड जास्त आणि पाय कमी, दुसऱ्याचं उलट, आणि बेरजेत दोन्ही एकमेकांना भरून काढतात. १३८ च्या मुलाचं टेबल ५८-५९ च्या आसपास, हे नुसत्या उभ्या उंचीवरूनही सांगता येतं. खुर्ची मात्र तशी सांगता येत नाही, ती प्रत्येकाची मोजावीच लागते. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: टेबलावर चर्चा, डिझाइन, सनमायकाचा रंग, आणि खुर्ची घरातली कुठलीही.

लवणीचं माप घ्यायला एक सोपी युक्ती सांगतो. मुलाला अनवाणी, घरातल्या कुठल्याही कडक बैठकीच्या खुर्चीवर, पुढची कड पोटरीत रुतणार नाही इतपतच मागे सरकवून बसवा. पायाखाली एकावर एक पुस्तकं ठेवत जा. पुस्तकांची थप्पी वाढत जाईल तसा मांडीच्या पुढच्या टोकाखालचा दाब कमी होत जातो. दोन्ही पाऊल सपाट टेकलेत, मांडी आडवी आहे आणि बैठकीच्या पुढच्या कडेशी मांडीखाली तुमचा तळहात न दाबता आत जातोय, तिथे थांबा. खुर्चीच्या उंचीतून थप्पीची उंची वजा करा. खुर्ची ४५ आणि थप्पी साडेअकरा भरली तर माप आलं साडेतेहेतीस, सुताराच्या भाषेत सव्वातेरा इंच. अनवाणीच मोजा. जपानी मुलं शाळेत आतले बूट घालून बसतात, युरोपातली बुटांत बसतात. आपली मुलं घरी चप्पलसुद्धा काढून बसतात, त्यामुळे तिकडच्या तक्त्यातली खुर्ची आपल्या घरात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच वाटली तर दचकू नका.

मुद्दा १

मांडी घालून ताठ बसणं मुलाला जमत नाही असं नाही, पण मोजेपर्यंत टिकत नाही. मांडी घातली की कमरेचं हाड मागे कलंडतं, कणा खाली गोल होतो आणि डोकं दोन-चार सेंटिमीटर खाली येतं. भिंतीला टेकवून फार फरक पडत नाही, कारण खांदे भिंतीला लागलेले असले तरी कंबर सुटलेली असते. मूल कंटाळलेलं असेल तर त्याहून जास्त.

कडक स्टूल किंवा लाकडी बाक भिंतीला लावा. मूल त्यावर बूड भिंतीला भिडवून बसवा, पायाखाली काहीतरी द्या म्हणजे ते घसरणार नाही. नजर सरळ समोर. वर बघायला लागलं की माप वाढतं आणि हनुवटी छातीला लावली की कमी होतं. डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं, भिंतीला काटकोनात धरा, पेन्सिलीने खूण करा. स्टुलाच्या पृष्ठभागापासून खुणेपर्यंतचं अंतर ही बैठी उंची. मुलीचा अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी आधी सोडा. हे सांगावं लागतं, मी पाहिलंय.

तीन सेंटिमीटरची चूक तीनने भागल्यावर एक सेंटिमीटर उरते, म्हणून टेबल-खुर्चीतलं अंतर तितकंसं बिघडत नाही. मेसेजमध्ये तीच चूक निम्म्याने खुर्चीतही जाते आणि दोन्ही मिळून टेबल अडीच सेंटिमीटर चुकतं. मोजून झालं की कोपराचं मापही घेऊन ठेवा: खांदे सैल, कोपर काटकोनात, स्टुलापासून कोपराच्या टोकापर्यंत. त्यात चार-पाच मिळवल्यावर जी संख्या येते ती तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ असायला हवी. दोन्हीत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत दिसली तर बहुतेक मूल कुठेतरी वाकलेलं होतं. पुन्हा मोजून पाहा, आणि तरीही तफावत राहिली तर कोपराचं माप धरा, हात त्याच कोपराचा टेकायचा आहे.

एका ठिकाणी मात्र नुसती बैठी उंची पुरते, आणि ते ठिकाण आपल्या घरांत भरपूर आहे: जमिनीवर बसून लिहायचं बैठं मेज. तिथे खुर्चीच नाही, पायाच्या मापाचा प्रश्न येत नाही. बैठ्या उंचीचा तिसरा हिस्सा हीच त्या मेजाची उंची. बाजारात मिळणारं लोखंडी पायांचं घडीचं टेबल साधारण २६ ते २८ सेंटिमीटर असतं, म्हणजे बैठी उंची ८० च्या पुढे गेलेल्या मुलाला ठीक. ७० च्या मुलाला २३ हवं. ते कापायची गरज नाही, खाली सतरंजीची जाड घडी घालून मूलच तीन-चार सेंटिमीटर वर घ्या. घडीवर बसलं की कमरेचं हाड पुढे येतं, पाठही जास्त वेळ ताठ राहते. गुडघे मेजाच्या पाटीला लागत असतील तर घडी आणखी वाढवण्यापेक्षा पायांमध्ये जास्त रुंद जागा असलेलं मेज बघा.

मुद्दा ५

जपानच्या शाळांत वार्षिक आरोग्य तपासणीत बैठी उंची मोजायला १९३७ साली सुरुवात झाली, हे खरं. ती मोजणी एप्रिल २०१६ पासून बंद झाली आहे. त्यामुळे 'आजही' हा शब्द चुकीचा. शिवाय तिथल्या शाळेच्या टेबल-खुर्च्या क्रमांकाच्या असतात आणि ते क्रमांक उभ्या उंचीवर लावलेले असतात. १३५ सेंटिमीटरच्या मुलासाठी ३४ ची खुर्ची आणि ५८ चं टेबल, १५० च्या मुलासाठी ३८ आणि ६४. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची लवण मोजत बसणं शक्य नाही, म्हणून सरासरीवर काम भागवायचं. घरी एकाच मुलासाठी एकच जोडी करताय, तर सरासरीवर का थांबायचं? पाठदुखीचं म्हणाल तर मापातली खुर्चीसुद्धा तीन तास न उठता बसलेल्या मुलाची पाठ वाचवत नाही. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मुद्दा ४

यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पाट देणं हा चांगला उपाय आहे. दोन-तीन इंच जास्त घेणं हा उपाय नाही. दोन्हीही तीन इंचांनी उंच केलं की मधलं अंतर तेवढंच राहतं, म्हणून वरून सगळं ठीक दिसतं, आणि पाय तेवढे लोंबतात. हा खरोखर पाटाने सुटण्यासारखा प्रश्न आहे. पण प्रत्यक्षात लोक खुर्ची घरातली वापरतात आणि टेबल तेवढं वाढवून घेतात. मग अंतरच तीन इंचांनी वाढतं, आणि ते पाटाने सुटत नाही. टेबल उंच झालंय हे ओळखायला मूल लिहीत असताना मागून बघा. लिहिता खांदा कानाकडे चढलेला असतो, कोपर पंखासारखं बाहेर फाकलेलं असतं आणि छाती टेबलाच्या कडेला टेकलेली असते. टेबल बुटकं असेल तर उलट दिसतं: पाठ गोल आणि डोकं वहीत.

आधीच घरात ३० इंची, म्हणजे ७६ सेंटिमीटरचं टेबल भिंतीत बसवलेलं आहे, असं बहुतेक फ्लॅटमध्ये असतं. ते पाडायला कुणी सांगत नाही. अशा वेळी हिशेब वरून खाली करायचा. वरचं पहिलं मूल घेऊ. टेबल ७६, त्यातून २४.७ वजा, बैठक आली ५१.३. त्यातून पायाचं माप ३३.५ वजा, पायाखालचा पाट आला सुमारे १८ सेंटिमीटर, म्हणजे सात इंच. जेवायचा पाट चार-पाच सेंटिमीटरचा असतो, त्याने काही होणार नाही. इथे पेटीसारखी फळी हवी, टेबलाखालच्या मोकळ्या जागेइतकी रुंद आणि दोन्ही पावलं पूर्ण मावतील इतकी खोल. छोटं स्टूल दिलं तर मूल पाच मिनिटांत पाय खाली सोडतं, कारण पाय हलवायला जागा नसते. ती फळी भिंतीला किंवा टेबलाच्या बाजूंना पक्की करा, सरकती ठेवू नका. बैठकीसाठी ४५ च्या खुर्चीवर सहा सेंटिमीटर वाढवावे लागतात. ते मऊ गादीने नको, प्लायवूडचा खोका करून त्यावर पातळ कडक गादी. आणि चाकांची खुर्ची अशा उंचीवर अजिबात नको, मूल चढताना-उतरताना ती मागे पळते.

मोठ्या खुर्चीची आणखी एक खोड असते, ती उंचीच्या नादात सुटते. तिची बैठक खोलीला ४२-४५ सेंटिमीटर असते. १३८ सेंटिमीटरच्या मुलाचं बुडापासून लवणीपर्यंतचं माप साधारण ३७-३८ असतं. ते मूल पाठ टेकवायला मागे सरकलं तर बैठकीची कड पोटरीत रुतते, न रुतावी म्हणून पुढे सरकलं तर पाठ अधांतरी. बैठकीची कड आणि पोटरी यांत दोन-तीन बोटं राहायला हवीत. त्यामुळे मागच्या टेक्याला आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा घट्ट तक्क्या बांधावा लागतो. तो नसेल तर उंचीचं सगळं माप काटेकोर असूनही मूल पुढच्या काठावरच बसलेलं दिसेल.

नवीन करून घेत असाल तर आजच्या मापाचं करा आणि ते वाढेल असं करा. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. उंची सहा सेंटिमीटर वाढली तर खुर्ची दीड आणि टेबल अडीच सेंटिमीटरच्या आसपास वर जायला हवं. म्हणजे टेबलाला वर्षाला एक इंच. टेबलाचे पाय दुहेरी करायचे, आतल्या पायाला इंचाइंचावर भोकं पाडायची आणि नटबोल्टने वर सरकवायचं, एवढंच काम आहे. ५८ पासून ७६ पर्यंत आठ भोकांत होतं. दहा सेंटिमीटर पुढचं टेबल आज घेऊन चार वर्षं उंच टेबलावर लिहायला लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. खुर्चीला तशी सोय करणं जरा अवघड, कारण तिच्यावर वजन हलतं. तिथे बैठक वर-खाली करण्याऐवजी खुर्ची पुढच्या दोन वर्षांच्या मापाची आणि पायाखाली पातळ फळ्या, असं करतो. दर सहा महिन्यांनी एक फळी कमी. टेबल अर्थातच त्या खुर्चीवरून धरायचं.

वयात येताना मात्र वर्षाला इंच हा हिशेब मोडतो. मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांत चौदाव्याच्या सुमारास वाढ एकदम जोर धरते, वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत जाते. आणि धड आणि पाय बरोबर वाढत नाहीत. पाय आधी वाढतात, धड मागाहून. जन्मलेल्या बाळाची बैठी उंची एकूण लांबीच्या दोन-तृतीयांश असते, ती घसरत घसरत या वयात ५२ टक्क्यांच्या आसपास तळाला पोचते आणि मग धडाची वाढ झाली की किंचित वर येते. त्यामुळे सहावी-सातवीतली मुलगी एका वर्षात सात सेंटिमीटर वाढली तरी तिची बैठी उंची त्यामानाने थोडीच वाढलेली असते, लवणीचं माप मात्र दोन-अडीचने पुढे गेलेलं असतं. मेसेजचं सूत्र इथे खुर्ची जवळजवळ जागच्या जागी ठेवायला सांगेल, नेमक्या त्याच वर्षी जेव्हा खुर्ची उचलायची असते. मग दीड-दोन वर्षांनी पाय थांबतात आणि धड वाढायला लागतं. तेव्हा खुर्ची तशीच ठेवून टेबलाला एक भोक, कधी दोन, द्यायची वेळ येते. या वयात दोन्ही मापं दर चार महिन्यांनी घ्या आणि दाराच्या चौकटीवर उभ्या उंचीची खूण करता तिथेच लवणीची आणि बैठ्या उंचीची संख्या लिहून ठेवा, तीन वेगवेगळ्या रंगांच्या पेनने.